यकृत, मूत्रपिंड आणि वजडी : आहारदृष्ट्या तुलना

खाद्य म्हणून वापरले जाणारे प्राण्यांचे तीन अंतर्गत अवयव. यकृताला बोलीभाषेत काळीज किंवा कलेजी आणि मूत्रपिंडाला गुरदा म्हणतात. वजडी म्हणजे रवंथ करणाऱ्या प्राण्याचे जठर. बाजारात तिच्यासोबत बहुधा आतड्यांचाही समावेश असतो. खाटकाच्या दुकानात हे तिन्ही अवयव शेजारी शेजारी मिळत असले, तरी आहाराच्या दृष्टीने त्यांना एका गटात बसवणे दिशाभूल करणारे आहे. यकृत हा साठवण करणारा अवयव, मूत्रपिंड हा रक्त गाळणारा अवयव, तर वजडी ही मुख्यतः स्नायू व संयोजी ऊतक यांची पिशवी आहे. त्यांतील पोषकद्रव्ये, त्यांची सफाई आणि त्यांच्या सेवनावरील मर्यादा या तिन्ही गोष्टी या मूळ कार्यावरूनच ठरतात. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने शेळी-मेंढीच्या अवयवांचा विचार केला आहे.

औषधी उपयोगाचा इतिहास : तिन्हींपैकी केवळ यकृताच्या औषधी उपयोगाचा लिखित इतिहास दीर्घ आहे आणि तो रातांधळेपणाशी निगडित आहे. इजिप्तमधील, साधारणतः इ. स. पू. १५५० च्या सुमाराचा मानल्या जाणाऱ्या एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात बैलाचे यकृत भाजून, पिळून त्याचा रस डोळ्यांवर लावण्याचा उपाय आला आहे. तेथील रोगाचे नाव रातांधळेपणाचेच आहे की डोळ्यांच्या दुसऱ्या एखाद्या विकाराचे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. शिवाय डोळ्यांवर लावलेल्या रसाने हा विकार कसा बरा होणार, असाही प्रश्न उपस्थित झाला आहे. लावून उरलेले यकृत रोगी खात असावा, असे काहींचे अनुमान आहे. डोळ्यांतील रस अश्रुनलिकेतून घशात उतरत असावा, असे अन्य काही सुचवतात. दोन्ही अनुमानांना मूळ मजकुरात थेट आधार नाही. ग्रीक वैद्यकातील हिपॉक्रेटीसच्या परंपरेत मात्र बैलाचे यकृत मधासोबत खाण्यास सांगितले आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दृष्टिरोगांच्या चिकित्सेत घोरपडीचे, तसेच बोकडाचे यकृत पिंपळीसह अग्नीवर शिजवून नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळेपणावर, वापरावे, असे सांगितले आहे. तेथे अंजनाचा उल्लेख आहेच, परंतु यकृत व प्लीहा सळईवर भाजून, तूप-तेलासह खाण्याचेही स्पष्ट विधान आहे. उत्तरतंत्र हा भाग मूळ संहितेला नंतर जोडला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे या उल्लेखाचा काळ इसवी सनाच्या आरंभीच्या काही शतकांपलीकडे निश्चितपणे नेता येत नाही. तरीही भक्षणाचा निःसंदिग्ध उल्लेख असल्यामुळे, उपाय नेमका कशामुळे लागू पडत असावा हे समजण्यासाठी ही नोंद इजिप्तमधील नोंदीपेक्षा अधिक उपयोगी ठरते. यकृतात साठलेले अ जीवनसत्त्व पोटात गेल्यावर दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी रंगद्रव्य पुन्हा तयार होऊ लागते, हे स्पष्टीकरण विसाव्या शतकात मिळाले.

पांडुरोगाच्या, म्हणजे रक्तक्षयाच्या, संदर्भातील इतिहास अधिक निश्चित आहे. जॉर्ज मायनट व विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये घातक पांडुरोगाच्या रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून गुण आल्याचे प्रसिद्ध केले. त्यांना जॉर्ज व्हिपल यांच्यासह १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील परिणामकारक घटक, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला. या संशोधनाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. लूसी विल्स या इंग्रज वैद्यक-संशोधिकेने १९२८ पासून मुंबईत गरीब गर्भवतींच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि १९३१ मध्ये यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे दाखवले. घातक पांडुरोगावर लागू पडणारा यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना उपयोगी पडत नव्हता, कच्चा अर्क मात्र पडत होता. त्यावरून यकृतात रक्तवृद्धी करणारे एकाहून अधिक घटक असल्याचे सूचित झाले. त्यांतील दुसरा घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

पोषकद्रव्ये : पुढील आकडे मेंढीच्या कच्च्या यकृताचे व मूत्रपिंडाचे, तसेच गाईच्या कच्च्या जठराचे, १०० ग्रॅममागे व स्थूलमानाने दिले आहेत. चारा, वय व जात यांनुसार त्यांत, विशेषतः यकृतातील अ जीवनसत्त्वात, मोठा फरक पडतो.

यकृतात लोह सुमारे ७ मिलिग्रॅम, ब-१२ सुमारे ९० मायक्रोग्रॅम आणि अ जीवनसत्त्व सुमारे ७,४०० मायक्रोग्रॅम असते. मूत्रपिंडात लोह सुमारे ६ मिलिग्रॅम व ब-१२ सुमारे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे यकृताच्या पंक्तीला बसण्याइतके असते. सेलेनियम तर यकृताहून अधिक असते. त्यातील अ जीवनसत्त्व मात्र केवळ १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते. वजडीत प्रथिने सुमारे १२ ग्रॅम, लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम आणि ब-१२ सुमारे दीड मायक्रोग्रॅम असते. तिच्यातील प्रथिनांचा बराच भाग कोलॅजेनचा असून त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. म्हणून रक्तवाढीसाठी वजडी खाण्याचा सल्ला निराधार आहे. चरबी व उष्मांक बेताचे असणे हा तिचा गुण, पण वरच्या मसालेदार रश्शात तो पुष्कळदा हरवतो.

सफाई : यकृताला सफाई सर्वांत कमी लागते. पित्ताशय न फोडता अलगद कापून काढणे महत्त्वाचे असते; ते फुटून हिरवट पित्त पसरल्यास तो भाग कापून टाकावा लागतो, कारण धुऊनही कडवटपणा जात नाही. नंतर वरचा पातळ पापुद्रा सोलून मोठ्या नळ्या काढतात. पित्तनलिका पांढऱ्या, जाड व कडक झालेल्या आढळल्या आणि दाबल्यावर त्यांतून पानाच्या आकाराचे चपटे तपकिरी कृमी बाहेर आले, तर ती पर्णकृमीची बाधा होय. पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसल्यास ती बहुधा फीतकृमीची पुटी असते. अशी पुटी खाल्ल्याने माणसाला हा पुटीचा रोग होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमधून होतो. म्हणूनच असे यकृत कुत्र्यांपुढे टाकणे हाच खरा धोका आहे. ते खोल पुरावे किंवा जाळावे.

मूत्रपिंडाभोवतीची चरबी व पापुद्रा काढून ते लांबीत दुभागतात. मधोमध दिसणारा पांढरा, चिवट गाभा म्हणजे मूत्र गोळा होण्याची जागा. तो कात्रीने पूर्ण कापून काढल्याखेरीज उग्र वास जात नाही. नंतर मिठाच्या किंवा थोड्या व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास भिजवून पाणी बदलतात.

वजडीची सफाई हे खरे कष्टाचे काम आहे. जठराचे चार कप्पे असतात : टॉवेलसारख्या लवदार आतल्या बाजूचा मोठा कप्पा, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचा, वहीच्या पानांसारख्या पडद्यांचा आणि शेवटचा गुळगुळीत. पानांच्या कप्प्यात चाऱ्याचे कण अडकून राहतात. त्याची पाने एकेक उलगडून वाहत्या पाण्यात धुवावी लागतात. नंतर वजडी गरम पाण्यात बुडवून वरचा काळपट थर सुरीच्या पाठीने खरवडतात. हे पाणी हाताला सोसवणार नाही इतके गरम, पण उकळीपासून बरेच दूर, साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसचे असावे. त्याहून थंड पाण्यात थर सुटत नाही, तर उकळत्या पाण्यात तो शिजून घट्ट चिकटतो आणि मग कितीही खरवडला तरी ठिपक्यांनी निघतो. अनेक ठिकाणी खायचा चुना चोळून थर सैल करतात. चुना पूर्ण गेला की नाही, हे बोटांना कळते : बुळबुळीतपणा राहिला असेल तोवर धुणे थांबवू नये. शेवटी मीठ व हळद चोळून एक उकळी आणतात व ते पाणी फेकून देतात. आतडी काडीवर उलटी करून धुतात.

जठरातील चाऱ्यात रोगकारक जंतू असू शकतात. म्हणून वजडी धुण्याची जागा व भांडी भाजीपाल्यापासून वेगळी ठेवावीत. वजडी मऊ होण्यासाठी ती इतका वेळ शिजवावीच लागते की जंतूंचा प्रश्न शिजण्यात उरत नाही. यकृताचे उलट आहे : ते मऊ राहावे म्हणून पुष्कळदा आतून गुलाबी ठेवले जाते. कोंबडीच्या यकृतात आतपर्यंत जंतू असू शकतात आणि डुकराच्या यकृतातून हिपॅटायटिस ई विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. गोव्यातील सोरपोतेलात मांस व यकृत आधी उकडून, मग परतून, पुन्हा मसाल्यात शिजवतात. ही पद्धत या दृष्टीने सुरक्षित आहे.

सेवनमर्यादा : गर्भवतींनी यकृत टाळावे, हा इशारा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे रक्तवाढीसाठी नेमके त्यांनाच कलेजी आग्रहाने वाढली जाते. प्राणिज अ जीवनसत्त्वाची प्रौढांसाठीची सर्वसाधारण कमाल मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम धरली जाते. वरील आकड्यांप्रमाणे शंभर ग्रॅम यकृताच्या एका ताटातून तिच्या दुपटीहून अधिक, तर केवळ चाळीस ग्रॅममधून, म्हणजे दोन-तीन लहान तुकड्यांतून, जवळजवळ तेवढेच जीवनसत्त्व पोटात जाते. गर्भाचे अवयव घडण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत याचा अतिरेक झाल्यास जन्मजात दोष संभवतात. ब्रिटनमध्ये १९९० पासून गर्भवतींना यकृत न खाण्याचा अधिकृत सल्ला दिला जातो. नेमक्या किती मात्रेपासून धोका सुरू होतो, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत, पण मोजून खाणे घरी शक्य नसल्यामुळे टाळण्याचाच सल्ला अधिक व्यवहार्य वाटतो. लोहासाठी गर्भवतींना डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आहेतच. गाजर-पालेभाज्यांतील कॅरोटीनमुळे हा धोका उद्भवत नाही.

इतर निरोगी प्रौढाने आठवड्यातून एकदा पंचाहत्तर ग्रॅम यकृत खाल्ले, तर सरासरी दिवसाला सुमारे ८०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळते; ते मर्यादेत बसते. त्यासोबत या जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनी मात्र यकृत टाळावे. लहान मुलांची मर्यादा प्रौढांहून बरीच कमी असते. यकृतात तांबेही भरपूर असल्याने शरीरात तांबे साठत जाणाऱ्या विल्सन रोगाच्या रुग्णांना ते वर्ज्य आहे. थॅलॅसेमियाच्या, वारंवार रक्त भरावे लागणाऱ्या रुग्णांना लोहामुळे टाळावे लागते. संधिवाताच्या गाउट या प्रकारात यकृत व मूत्रपिंड दोन्ही, शरीरात यूरिक आम्ल वाढवणाऱ्या प्यूरिनमुळे वर्ज्य ठरतात. वजडीत प्यूरिन त्यांच्यापेक्षा कमी असते, तरी झटका आलेला असताना तीही खाऊ नये.

मूत्रपिंडाबाबतची स्वतंत्र शंका कॅडमियम या विषारी धातूची आहे. हा धातू मूत्रपिंडात साठतो व फार हळू बाहेर पडतो, त्यामुळे प्राण्याच्या वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते. युरोपीय संघाने मेंढीच्या मूत्रपिंडासाठी किलोमागे १ मिलिग्रॅम, यकृतासाठी ०.५, तर मांसासाठी ०.०५ मिलिग्रॅम मर्यादा ठरवली आहे. कोवळ्या बोकडाचे गुरदे त्यामुळे म्हाताऱ्या जनावराच्या गुरद्यांपेक्षा श्रेयस्कर होत. ज्यांचे स्वतःचे मूत्रपिंड दुर्बल झाले आहे, त्यांनी यकृत व मूत्रपिंड दोन्ही वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांत फॉस्फरसही पुष्कळ असतो.