घोषित घटनेपूर्वी पोझिशन हलकी करणे

निवडणूक निकाल, केंद्रीय अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण अशा घटनांची तारीख आधीच ठाऊक असते. त्या वेळी फ्युचर्ससारख्या लिव्हरेज असलेल्या, म्हणजे थोड्या भांडवलावर मोठी रक्कम अडकवणाऱ्या व्यवहारात पोझिशन तशीच ठेवायची, कमी करायची की पूर्ण काढून टाकायची, याचा निर्णय ट्रेडरला घ्यावा लागतो. यात बाजाराच्या दिशेचा अंदाज दुय्यम असतो. अंदाज तात्पुरता चुकला तर मार्जिन, म्हणजे पोझिशनसाठी ब्रोकरकडे ठेवावी लागणारी अनामत, पुरेल का, हे आधी पाहावे लागते.

4 जून 2024 चा लोकसभा निकाल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. 1 जूनच्या संध्याकाळी आलेल्या एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला मोठे बहुमत दाखवले. सोमवारी, 3 जूनला, निफ्टी 3 टक्क्यांहून अधिक वाढून 23,263.90 वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणीचे कल वेगळे निघाले, निर्देशांक दिवसात 21,281.45 पर्यंत खाली गेला आणि 21,884.50 वर बंद झाला. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी, 7 जूनला, तो 23,290.15 वर होता, म्हणजे सोमवारच्या बंद भावाच्या किंचित वरच.

सोमवारी संध्याकाळी 3 लाख रुपये भांडवल असलेल्या दोन ट्रेडरांनी निफ्टी फ्युचर्समध्ये खरेदीची पोझिशन ठेवली, असे समजू. सोयीसाठी फ्युचर्सचा भाव निर्देशांकाइतकाच आणि मार्जिन 12 टक्के धरू. तेव्हा निफ्टीचा लॉट, म्हणजे व्यवहाराचा किमान आकार, 25 चा होता, म्हणून एका लॉटचे मूल्य सुमारे 5.82 लाख आणि मार्जिन जवळपास 70 हजार येते. पहिल्याने 4 लॉट ठेवले. मार्जिनच्या हिशेबात ते सहज बसत होते, पण पोझिशन भांडवलाच्या पावणेआठ पट झाली. मंगळवारच्या नीचांकावर त्याचा तोटा 1.98 लाख झाला. खात्यात 1.02 लाख उरले आणि मार्जिन हवे होते अडीच लाखांहून जास्त. अशा वेळी ब्रोकरची जोखीम यंत्रणा पोझिशन स्क्वेअर ऑफ करते, म्हणजे स्वतःच बंद करते, तीही बहुधा सर्वांत वाईट भावाला. दुसऱ्याकडे 2 लॉट होते. नीचांकावर त्याचा तोटा 99 हजार, शिल्लक 2 लाख आणि लागणारे मार्जिन 1.28 लाख होते. तो शुक्रवारपर्यंत टिकला आणि मुद्दल परत आले. दोघांचे मत एकच होते.

किती लॉट झेपतील हा आकडा आदल्या दिवशीच काढता येतो. संपूर्ण बाजाराचे व्यवहार थांबवणारे पहिले सर्किट 10 टक्क्यांना लागते, तेवढी घसरण गृहीत धरावी. 23,264 वरून 10 टक्के म्हणजे एका लॉटमागे सुमारे 58 हजारांचा तोटा. घसरलेल्या भावाचे मार्जिन सुमारे 63 हजार. दोन्ही मिळून 1.21 लाख. तीन लाखांत असे दोनच लॉट बसतात, म्हणून तिसरा आणि चौथा आधीच काढायचे. नुसते तेव्हाचे मार्जिन भागले म्हणून पोझिशन ठेवणारे इथेच फसतात.

'स्टॉप लॉस लावला आहे' हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद अपुरा आहे. बाजार टप्प्याटप्प्याने खाली आला तर स्टॉप लॉस काम करतो, पण भावात गॅप पडला तर ऑर्डर पुढच्या उपलब्ध भावाला भरली जाते किंवा लिमिट असेल तर भरलीच जात नाही. 18 मे 2009 रोजी, निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी, बाजार उघडताच वरच्या सर्किटला लागला आणि थोड्या व्यवहारांनंतर दिवसभरासाठी थांबला. विक्रीची पोझिशन घेऊन बसलेल्यांना बाहेर पडायला जागाच नव्हती.

दुसरा मार्ग पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क देणारा ऑप्शन, विकत घेण्याचा. त्याने तोट्याला मर्यादा येते, पण घटना जवळ आली की प्रीमियम फुगतो आणि निकाल लागताच विरतो. बाजाराला किती चढ-उतार अपेक्षित आहेत ते दाखवणारा इंडिया व्हीआयएक्स 4 जूनला सुमारे 27 वर बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी 19 च्या खाली आला. त्याआधी सोमवारी, एक्झिट पोलनंतर, तो उतरून सुमारे 21 वर आला होता. धोका टळलेला नसताना विमा स्वस्त झाला होता आणि हेज घ्यायला तो दिवस चांगला होता. व्हीआयएक्स साधारण 30 दिवसांची अपेक्षा दाखवतो, त्यामुळे एका दिवसाचा धक्का त्यात सौम्य होऊन दिसतो. घटनेनंतर लगेच संपणाऱ्या ऑप्शनमधले एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट यांच्या प्रीमियमची बेरीज बाजाराने किती हालचाल धरली आहे ते जास्त नेमके सांगते. अर्थात तीही अपेक्षा आहे, कमाल मर्यादा नाही.

पोझिशन मुळात त्या निकालावरच घेतलेली असेल, तर पूर्ण बाहेर पडण्यात अर्थ उरत नाही, आकार बेतून ठेवावी. कारण वेगळे असेल, उदाहरणार्थ कित्येक आठवडे चाललेला ट्रेंड, तर घटनेचा धोका अंगावर घेण्याचा मोबदला मिळत नाही आणि ती हलकी करणेच योग्य ठरते. कपात आदल्या दिवशी बाजार बंद व्हायच्या शेवटच्या मिनिटांसाठी ठेवू नये. तेव्हा खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर वाढलेले असू शकते, शिवाय काही ब्रोकर अशा दिवसांसाठी स्वतःहून मार्जिन वाढवतात.