भाषिक द्विरूपता

एकाच भाषेची दोन रूपे एका समाजात शेजारी शेजारी नांदतात आणि दोघांची कामे वाटून घेतलेली असतात, अशा स्थितीला भाषिक द्विरूपता म्हणतात. भाषाविज्ञानाच्या लेखनात 'डायग्लॉसिया' ही संज्ञाही सर्रास येते. यातले एक रूप शाळेत शिकावे लागते. कायदा, प्रवचन, अग्रलेख, पाठ्यपुस्तक ही त्याची ठिकाणे. दुसरे रूप आईच्या मांडीवर येते आणि घर, बाजार, भांडण, लोकगीत यांत वावरते. पहिल्याला या नोंदीत औपचारिक रूप आणि दुसऱ्याला व्यवहाररूप म्हटले आहे. 'उच्च' आणि 'निम्न' ही नावे इंग्रजी लेखनातून आली आहेत. ती समाजाने दिलेला मान सांगतात, भाषेची गुणवत्ता नव्हे.

संज्ञेचा उगम वादग्रस्त आहे. मूळ ग्रीक शब्दाचा साधा अर्थ 'दोन भाषा असणे' एवढाच असून ग्रीकमध्ये तो आजही सामान्य द्विभाषिकतेसाठी चालतो. ग्रीक लेखक इमानुएल रोइडिस आणि पॅरिसमध्ये अध्यापन करणारे यानिस सिकारिस, म्हणजेच फ्रेंच लेखनातले झाँ प्सिकारी, या दोघांकडे १८८५ च्या सुमारास हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ जाताना दिसतो. जर्मन बायझंटाइनविद कार्ल क्रुम्बाखर यांनी १९०२ मध्ये ग्रीक लेखनभाषेच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले, म्हणून काही संदर्भग्रंथ जनकत्व त्यांना देतात. विषय तोच असला तरी संज्ञा त्यांनी घडवली असे मानायला भक्कम आधार दिसत नाही, त्यामुळे रोइडिस-सिकारिस यांच्याकडे झुकणारे मत अधिक पटते. फ्रेंच विद्वान विल्यम मार्से यांनी १९३० मध्ये हा शब्द अरबीला लावला. अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ च्या लेखात तो फ्रेंचवरूनच घेतला आणि अरबी, आधुनिक ग्रीक, स्विस जर्मन व हैतीची क्रिओल या चार उदाहरणांवरून त्याला काटेकोर व्याख्या दिली.

त्या व्याख्येचा गाभा एका कसोटीत सापडतो : औपचारिक रूप रोजच्या गप्पांसाठी समाजातला कोणताही गट वापरत नाही. श्रीमंत, विद्वान, पुरोहित, सगळे घरी व्यवहाररूपच बोलतात. मूल औपचारिक रूप ऐकत वाढत नाही, ते नियमांनी शिकते. म्हणूनच प्रमाणभाषा आणि बोली यांच्या नेहमीच्या नात्याहून ही स्थिती वेगळी आहे, कारण तिथे प्रमाणभाषा काही घरांत तरी मातृभाषा असते. ही कसोटी सोडली की जगातली प्रत्येक लिहिली जाणारी भाषा द्विरूप ठरते आणि संज्ञेला धार उरत नाही.

ही स्थिती पूर्ण वाढलेली आणि मग कायद्याने संपवलेली पाहायची असेल तर ग्रीसकडे वळावे लागते. तिची सुरुवात कुठे धरायची यावर एकमत नाही. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास काही लेखकांनी जुन्या अथेन्सच्या गद्याचे अनुकरण सुरू केले. दुफळीचे बीज तिथे दिसते, असे मानणे सयुक्तिक वाटते. काही अभ्यासक मात्र बायझंटाइन काळापासूनच मोजतात. आधुनिक रूप निश्चितच अठराव्या शतकाच्या अखेरचे आहे. आदामांडिओस कोराइस (१७४८–१८३३) यांनी बोलती भाषा पाया म्हणून घेऊन तिच्यातले तुर्की आणि इतर परके शब्द झाडून टाकावेत, व्याकरण प्राचीन वळणाकडे न्यावे असा मध्यम मार्ग सुचवला. त्यातून वाढलेले रूप म्हणजे 'काथारेवूसा', शब्दशः 'शुद्ध होत जाणारी'. लोकांच्या भाषेला 'दिमोतिकी' हे नाव मिळाले. कोराइस यांचा मार्ग मध्यम होता, पण त्यांच्या अनुयायांपैकी बरेच जण पुढे अधिकाधिक प्राचीनतेकडे सरकत गेले.

दोन रूपांतले अंतर रोजच्या वस्तूंत सर्वांत स्पष्ट दिसे. पावाला घरी 'प्सोमी' म्हणत, पण बेकरीच्या पाटीवर 'आर्तोस' या प्राचीन शब्दापासून बनलेले नाव असे. खानावळीच्या पत्रकात वाइनसाठी 'इनोस' छापलेले, आणि गिऱ्हाईक वाढप्याकडे 'क्रासी' मागणार. पाण्याला 'नेरो' आणि लिहिताना 'इदोर'. यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे : ज्या शब्दांना अशुद्ध समजले गेले ते बहुधा तितकेच अस्सल ग्रीक होते. 'नेरो' हा 'ताजे (पाणी)' या जुन्या शब्दप्रयोगातून झिजून आलेला. 'क्रासी' हा 'मिसळणे' या अर्थाच्या शब्दापासूनचा, कारण प्राचीन ग्रीक वाइनमध्ये पाणी मिसळत. शुद्धता व्युत्पत्तीवर ठरत नव्हती, ती शब्द कोणत्या काळात आणि कोणाच्या तोंडी होता यावर ठरत होती.

व्याकरणात हे अंतर आणखी खोल होते. चतुर्थी विभक्ती बोलण्यातून शतकानुशतके आधीच गेली होती. काथारेवूसाने ती कागदावर परत आणली. 'शहराचे' याला बोलीत 'तिस पोलिस', तर लेखी 'तिस पोलेओस'. शाळेतल्या मुलाला आपल्याच भाषेची विभक्तिरूपे परक्या भाषेसारखी पाठ करावी लागत. चूक झाली की तो 'ग्रीक येत नाही' असा ठरे, आणि तो जन्मापासून ग्रीक बोलत असे! या व्यवस्थेचा खरा अन्याय इथे दिसतो.

१८८८ मध्ये सिकारिस यांचे 'माझा प्रवास' हे दिमोतिकीतले पुस्तक निघाले आणि वाद उघड्यावर आला. त्याचा भडका १९०१ मध्ये उडाला. 'अक्रोपोलिस' या वृत्तपत्राने मत्तयाच्या शुभवर्तमानाचे लोकभाषेतले भाषांतर क्रमशः छापायला घेतले. भाषांतरकार आलेक्सांद्रोस पालिस हे व्यापारी. रॅली ब्रदर्स या ग्रीक पेढीच्या नोकरीत त्यांनी काही वर्षे मुंबईत काढली होती आणि पुढे ते लिव्हरपूलला स्थायिक झाले होते. परदेशात राहून लोकभाषेसाठी झटणाऱ्या ग्रीकांपैकी ते एक. राणी ओल्गा यांनी करवून घेतलेले शुभवर्तमानांचे वेगळे भाषांतर त्याआधीच वादात सापडले होते. राणी मूळच्या रशियन असल्यामुळे लोकभाषेमागे स्लाव्ह डाव आहे असा संशय पसरला. नोव्हेंबरमध्ये अथेन्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि ८ जणांचा जीव गेला. अथेन्सचे मुख्य धर्माध्यक्ष पायउतार झाले, सरकारही गेले. एका भाषांतरावरून माणसे मरतात हे आज अविश्वसनीय वाटेल. पण औपचारिक रूप इथे धर्म, राष्ट्र आणि प्राचीन वारसा या तिघांचे एकत्र चिन्ह झाले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय ती घटना कळत नाही.

१९११ च्या संविधानाने राज्याची भाषा म्हणजे संविधान आणि कायदे ज्या भाषेत लिहिले जातात ती, असे ठरवले आणि ती बिघडवण्याच्या प्रयत्नांना बंदी केली. तरीही १९१७ मध्ये व्हेनिझेलोस सरकारने प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांत दिमोतिकी आणली. तेव्हापासून सरकार बदलले की पाठ्यपुस्तकाची भाषा बदले. १९४१ मध्ये मानोलिस त्रियांताफिलिदिस यांच्या नेतृत्वाखाली दिमोतिकीचे सविस्तर व्याकरण सरकारी प्रकाशन म्हणून निघाले. नियम नसलेली भाषा हा आक्षेप त्यानंतर टिकण्यासारखा नव्हता. १९६४ मध्ये शिक्षणात दोन्ही रूपांना समान स्थान मिळाले. १९६७ च्या लष्करी राजवटीने ते उलटवले आणि काथारेवूसा पुन्हा लादली. याच कृतीने तिचा पाया ढासळला असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजवट १९७४ मध्ये कोसळली तेव्हा काथारेवूसा लोकांच्या मनात हुकूमशाहीची भाषा झाली होती. १९७६ च्या कायद्याने शिक्षणाची भाषा दिमोतिकी ठरली, त्यापाठोपाठ प्रशासनाचीही. १९८२ मध्ये जुनी बहुस्वराघात-चिन्हे जाऊन एकच चिन्ह उरले आणि १९८६ मध्ये संविधानाचा मजकूरही दिमोतिकीत आला.

फर्ग्युसन यांनी १९५९ च्या लेखात साधारण २१५० पर्यंतचा अंदाज बांधला होता : ग्रीसमध्ये अथेन्सच्या बोलण्यावर आधारलेली आणि औपचारिक रूपातले भरपूर शब्द पचवलेली एकच प्रमाणभाषा होईल. दिशा अचूक निघाली, पण बदल १७ वर्षांतच कायद्यापर्यंत पोहोचला. 'पचवलेली' हा त्यातला मर्म सांगणारा भाग. होकारासाठी प्रत्येक ग्रीक माणूस दिवसातून कितीतरी वेळा 'एन्दाक्सी' म्हणतो, ते 'व्यवस्थेत' अशा अर्थाचे चतुर्थीचे जुने पदच आहे. 'शहराचे' यासाठी 'पोलिस' आणि 'पोलेओस' दोन्ही आजही ऐकू येतात. मासळीच्या दुकानावर जुन्या शब्दाची पाटी असते आणि आत 'प्सारी' मिळते. चर्चची उपासना मात्र प्राचीन ग्रीकमध्येच चालते.

भारतात तमिळ हे सर्वांत स्पष्ट जिवंत उदाहरण. 'मी येतो' हे लिहिताना 'वरुगिरेन' आणि बोलताना 'वर्रेन' होते, आणि हा फरक सुशिक्षित घरांतही तसाच असतो. बंगालीत साधू भाषा हे जुने औपचारिक रूप लेखनातून मागे हटले आणि त्याची जागा बोलण्यावर आधारलेल्या चलित रूपाने घेतली.

मराठीचे काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. वरील कसोटी लावली तर मराठी द्विरूप ठरत नाही. पुण्याकडच्या सुशिक्षितांच्या बोलण्यावर उभी असलेली प्रमाणभाषा काही घरांत मुले आईकडूनच शिकतात. विदर्भात किंवा कोकणात वाढलेल्या मुलाला ती दूरची वाटते, हे खरे, पण तो प्रमाणभाषा आणि बोली यांतला प्रश्न आहे आणि त्याची चर्चा त्याच नावाने व्हायला हवी. मराठीत द्विरूपतेच्या सर्वांत जवळ जाणारा एक बारीक धागा मात्र आहे. आपण 'त्याने सांगितले' लिहितो आणि वाचताना, अगदी मोठ्याने वाचतानाही, 'त्यानं सांगितलं' असे तोंडात येते. पूर्वी हे 'सांगितलें' असे अनुस्वाराने लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुस्वार काढून एकारान्त रूप ठेवले आणि बोलण्यातले 'अं'कारान्त रूप संवादांपुरते मोकळे सोडले. लेखी '-ए' कोणत्याही घरात गप्पांत बोलले जात नाही, ते शाळेतच शिकले जाते. प्रत्ययापुरता का होईना, फर्ग्युसन यांची कसोटी इथे लागू पडते.

जोशुआ फिशमन यांनी १९६७ मध्ये संज्ञा विस्तारून वेगवेगळ्या भाषांच्या कामवाटपालाही लावली. त्या अर्थाने गोव्यात घरी कोंकणी आणि कीर्तन, पोथी, वृत्तपत्र यांसाठी मराठी, हे तेथील हिंदू समाजातले जुने वाटप या संज्ञेखाली आणता येते. मात्र कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली यावर गोव्यात दीर्घ वाद झाला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापरालाही वाव राहिला. फर्ग्युसन यांची मूळ व्याख्या एकाच भाषेच्या रूपांपुरती असल्याने हे उदाहरण तिच्यात बसवायचे की नाही, हे या वादात कोणती बाजू घेतली त्यावर ठरते.