वांगी रंगाची पैठणी निळी का झाली?

माझा भाचा नाशिकला गंगापूर रोडवर लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करतो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला होता. नवरीच्या आईचा फोन येऊन गेला होता. "येवल्याहून मुद्दाम वांगी रंगाची पैठणी आणली, आणि तुमच्या व्हिडिओत ती निळी दिसते. नातेवाईक विचारतात, साडी बदलली का?"

बाईंचं बरोबर होतं. आणि कॅमेरावाल्यानेही काही चूक केली नव्हती. जांभळ्या रंगाची बरीच रंगद्रव्यं निळा प्रकाश परावर्तित करतात आणि सोबत गडद लाल, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या अगदी काठावरचा लालही. कॅमेऱ्यात संवेदकापुढे अवरक्त किरण अडवणारी एक काच असते, ती या काठावरच्या लालातलाही काही भाग गिळते. त्यात हॉलमधले स्वस्त एलईडी दिवे. त्यांच्या प्रकाशात निळ्याचं टोक उंच असतं आणि गडद लाल मुळातच कमी. लाल गेला की वांगी रंगातून उरतो तो निळा.

"मग सगळ्या चित्रातला लाल वाढव," मी म्हणालो.

"वाढवला मामा. नवरदेव टोमॅटो झाला."

इथेच प्राथमिक आणि दुय्यम रंगदुरुस्ती वेगळ्या होतात. प्राथमिक दुरुस्ती म्हणजे पूर्ण चौकटीवर एकच उपाय: उजेड, काळ्या-पांढऱ्याची पातळी, पांढऱ्याचा तोल. फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळेत प्रिंट काढताना लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश कमी-जास्त करत, तीही अशीच सगळ्या चित्रावरची दुरुस्ती. त्या तीन आकड्यांत एकट्या साडीला हात लावायची सोय नव्हती. दुय्यम दुरुस्तीत ती असते. आधी यंत्राला सांगायचं की साडी कुठली, मग फक्त तिचा रंग हलवायचा. रंग हलवणं ही एका चकतीची गोष्ट आहे. साडी कुठली हे यंत्राला पटवणं, खरं काम ते.

यंत्राला साडी दिसत नाही, त्याला प्रत्येक बिंदूचे तीन आकडे दिसतात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 255. त्यातून ते आणखी तीन गोष्टी काढतं: रंगछटा, रंगाचा गडदपणा आणि उजळपणा. रंगछटा म्हणजे रंगचक्रावरचा कोन. लाल 0 अंशांवर, हिरवा 120 वर, निळा 240 वर, आणि राणी रंग 300 च्या आसपास. भाच्याने साडीवर रंग उचलणारा ड्रॉपर टेकवला आणि रंगावरून बिंदू निवडणाऱ्या क्वालिफायरला सांगितलं की 240 ते 262 अंशांतले बिंदू धर. धरलेले बिंदू पांढरे आणि सोडलेले काळे, असं एक कृष्णधवल चित्र पडद्यावर आलं. याला मॅट म्हणतात. पांढऱ्यावर बदल पूर्ण लागू होतो, काळ्यावर अजिबात नाही, करड्यावर अर्धामुर्धा.

मॅटमध्ये साडीचा उजेडातला भाग स्वच्छ पांढरा होता. निऱ्यांच्या खोबणी मात्र चाळणीसारख्या. आणि व्हिडिओ चालू केला की ती भोकं दर चौकटीत जागा बदलत होती, जणू कापडावर किडे वळवळताहेत.

असं का होतं, हा या सगळ्या विषयातला माझा सर्वात आवडता भाग. बिंदूत निळा सर्वात मोठा असेल तर रंगछटेचं सूत्र असं:

```
H = 60 × (4 + (R − G) / (max − min))
```

max आणि min म्हणजे तीन आकड्यांतला सर्वात मोठा आणि सर्वात लहान. उजेडातल्या निरीवरचा एक बिंदू घेऊ: R 70, G 50, B 160. मोठ्या-लहानातला फरक 110. R वजा G म्हणजे 20. कोन येतो 251 अंश. आता प्रत्येक कॅमेऱ्यात थोडी खरखर असतेच, आकडे एक-दोनने मागेपुढे होतात. R 72 आणि G 48 झाला तर कोन 253. उलट बाजूला, R 68 आणि G 52, तर 249. चार अंशांचा खेळ. क्वालिफायरच्या कक्षेत आरामात मावतो.

आता खोबणीतला बिंदू: R 18, G 16, B 24. कोन 255 अंश, म्हणजे रंग तोच. पण फरक आता फक्त 8. तीच दोन आकड्यांची खरखर इथे लावून बघा. R 16, G 18 झाला की कोन 225. R 20, G 14 झाला की 276. एक्कावन्न अंशांची उडी! डोळ्याला तिन्ही बिंदू काळसर निळेच दिसतील. सूत्राला मात्र एक आकाशी वाटतो, एक जांभळा, कारण ते एका लहान आकड्याला दुसऱ्या लहान आकड्याने भागतं आहे. भाजक जितका लहान, तितकी खरखर मोठी होऊन बाहेर पडते. काळपट, करड्या आणि पांढुरक्या भागांत रंगछटेवर विसंबायचं नाही ते यासाठी.

नवशिका इथे हमखास कक्षा रुंद करतो. 220 ते 280 केली की भोकं बुजतात, पण आता नवरदेवाचा निळा कोट, मागचा पडदा आणि कुणाच्या तरी खुर्चीचं कव्हर आत येतं. भाच्याने तसं केलं नाही. त्याने आधी खरखर कमी करणारी पायरी लावली आणि मॅट तिच्यानंतरच्या चित्रातून घेतला. शेवटच्या चित्रात मात्र मूळ पोत तसाच ठेवला. मग उजळपणाची खालची हद्द हळूहळू विरत जाईल अशी ठेवली, म्हणजे खोबणीतले अगदी काळे बिंदू त्याने सोडूनच दिले. ते चालतं, कारण 18, 16, 24 च्या बिंदूचा कोन तीस अंशांनी फिरवला तरी डोळ्याला फरक कळत नाही. भोकं असणं हा दोष नव्हताच, ती वळवळणं हा दोष होता.

पैठणीने आणखी एक पेच टाकला. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून धूपछाव. बाई वळली की निळसर अंग लालसर होतं. एका टिपक्यावरून रंग उचलला तर पदर खांद्यावरून वळतो तिथे मॅट फाटतो. म्हणून ड्रॉपर एकदा सपाट भागावर आणि एकदा वळणावर, असा दोनदा टेकवला. काठाच्या जरीने काही त्रास दिला नाही, सोनेरी रंग चक्रावर पार दुसऱ्या बाजूला. साडी शेंदरी असती तर मात्र रात्र गेली असती. जरीकाठ, हळद लागलेले हात, ओठ, कुंकू आणि चेहरा सगळे चक्राच्या त्याच कोपऱ्यात राहतात. माणूस गोरा असो वा सावळा, कातडीचा कोन फारसा बदलत नाही, कारण रंग मेलॅनिन आणि रक्ताचाच. बदलतो तो मुख्यतः उजळपणा.

कोटाचा प्रश्न रंगाने सुटणार नव्हता, कारण त्याचा कोन साडीला खेटूनच होता. तिथे जागा वापरायची. नवरीभोवती एक आकार आखला, त्याला विंडो म्हणतात, आणि तो तिच्याबरोबर सरकेल असा ट्रॅक केला. आता बिंदू साडीच्या रंगाचा हवा आणि आकाराच्या आतही हवा. हे छान चाललं ते हार घालण्यापर्यंत. नवरदेवाने हात पुढे केले आणि त्याची बाही आकारात शिरताच वांगी झाली. सेकंदाला पंचवीस चौकटी, त्यातल्या अकरांत. तेवढ्या अकरा चौकटींत आकार हाताने आत ओढावा लागला.

याच सुमारास माझ्या फोनवर एक व्हिडिओ फिरत होता: एका देवळातल्या देवीच्या हिरव्या साडीने "आपोआप" लाल रंग घेतला म्हणे. खाली नमस्कारांची रांग. मी भाच्याला दाखवला. त्याने दोनदा थांबवून बघितला आणि म्हणाला, "हारातली पानंपण लाल झालीत बघ. आणि निऱ्यांच्या आत हिरवं वळवळतंय." पानांना बाजूला ठेवायला विंडो लागते. चमत्कार करणाऱ्याने तेवढे कष्ट घेतले नव्हते.

कडेचा एक प्रश्न उरतो. बहुतेक कॅमेरे उजेड प्रत्येक बिंदूचा नोंदतात, पण रंग चार बिंदूंना मिळून एकच. मानवी डोळा रंगाच्या बारकाव्यात ढिला आहे, म्हणून जागा वाचवायची ही युक्ती खपते. मॅटला मात्र ती नडते. साडीची कड पांढऱ्या शेल्याला लागते तिथे मधले बिंदू ना साडीचे ना शेल्याचे, आणि दुरुस्तीनंतर तिथे बारीक निळी किनार राहते. मॅट एखाद-दोन बिंदूंनी फुगवून किंचित धूसर केला की ती जाते. जास्त धूसर केला तर शेल्यावर जांभळी झाक येते.

मग साडीचा कोन 251 वरून 285 कडे नेला. किती न्यायचा हे सूत्र सांगत नाही. नवरीच्या आईने ब्लाऊजचा उरलेला तुकडा पाठवला होता. तो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात धरून बघायचा, पुन्हा पडद्याकडे बघायचं, असं चारपाचदा केलं.

शेवटी व्हिनेट. नवराबायकोभोवती मोठी लंबगोल विंडो, ती उलटी करून बाहेरचा भाग थोडा काळवंडवायचा, म्हणजे नजर मधे राहते. भिंगं हे स्वतःही करतात: अक्षापासून 30 अंशांवर साध्या भिंगातून येणारा प्रकाश मधल्याच्या सुमारे 56 टक्केच उरतो. म्हणून व्हिनेटमध्ये आकड्यांना गुणायचं असतं, वजा करायचं नसतं. 200 आणि 20 ला 0.7 ने गुणलं की 140 आणि 14 येतात, म्हणजे उजेड कमी पडल्यासारखं दिसतं. दोन्हींतून 30 वजा केले तर 170 आणि शून्य. कोपऱ्यातल्या पाहुण्याचे केस शाईचा डाग होतात.

पण हॉलची मागची भिंत साधी, एकरंगी होती. व्हिनेटमुळे तिचा आकडा 60 वरून 40 वर उतरला, आठशे बिंदूंच्या अंतरात. मधे फक्त वीस पायऱ्या, प्रत्येक चाळीस बिंदू रुंद, आणि त्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या दिसायला लागल्या. उपाय गमतीदार आहे: भिंतीवर थोडी खरखर मुद्दाम टाकायची. पायरीची सरळ रेघ मोडते आणि डोळ्याला उतार सलग वाटतो. तासाभरापूर्वी हीच खरखर आम्ही काढत बसलो होतो.

साडीचा व्हिडिओ गेला, फोन आला, "आता बरोबर." पण पाठोपाठ दुसरी मागणी: गंगापूर धरणावरच्या फोटोशूटमधलं आभाळ पांढरं आहे, साडीचा रंग बदलला तसं तेही बदलून निळं करून द्या. भाच्याने ड्रॉपर आभाळावर टेकवला. 255, 255, 255. मोठा आकडा आणि लहान आकडा एकच, फरक शून्य. वरच्या सूत्रात शून्याने भागायची वेळ येते, म्हणजे त्या बिंदूला रंगछटाच नाही. उजळपणावरून आभाळ धरता येतं आणि त्यावर निळा लेप देता येतो, पण तो डिस्टेंपर दिलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतो, कारण ढग कॅमेऱ्याने नोंदलेलेच नाहीत. शिवाय नवरदेवाचा पांढरा शर्टही त्याच उजळपणाचा. भाच्याने त्यांना कळवलं की आभाळ पांढरंच राहील, आणि डाव्या कोपऱ्यात जिथे आकडे 190, 205, 225 होते तेवढा तुकडा जरा गडद करून दिला.