पाला चावला आणि पेढ्याची गोडी गेली

कराडजवळच्या गुऱ्हाळावर मामांनी कुंपणावरच्या वेलीची दोन पानं माझ्या हातावर ठेवली. "चाव नीट, गिळू नको लगेच." पान कडवट. मिनिटभर जिभेवर घोळवून थुंकलं आणि कढईतला ताजा गूळ तोंडात टाकला. उसाचा वास आला, कोमटपणा कळला, थोडा खारटपणाही लागला. गोडी मात्र शून्य. मग साताऱ्याचा कंदी पेढा खाल्ला, तर नुसता खमंग खवा! साखर तर वाळूच.

ही बेडकीची वेल, म्हणजेच मधुनाशिनी किंवा गुडमार. पानातल्या ज्या संयुगांमुळे हे घडतं ती जिम्नेमिक आम्लं. रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड हूपर यांनी १८८७ मध्ये त्यांचं वर्णन केलं.

गोडी ओळखणारा रिसेप्टर दोन प्रथिनांच्या जोडीचा असतो. त्यातल्या टी१आर३ या प्रथिनाचा एक भाग पेशीच्या आवरणात रुतलेला असतो, आणि जिम्नेमिक आम्ल तिथे जाऊन बसतं. मग साखर आली तरी रिसेप्टर मेंदूकडे निरोप धाडत नाही. सॅकरीनसारखे कृत्रिम गोड पदार्थही तेव्हा फिके लागतात. साधारण अर्ध्या-एक तासात गोडी परतते.

गंमत अशी, की उंदराच्या गोडीवर या आम्लांचा फारसा परिणाम होत नाही. शास्त्रज्ञांनी माणसाच्या आणि उंदराच्या टी१आर३चे तुकडे अदलाबदल करून पाहिले. आवरणातला तो भाग माणसाचा असेल, तरच आम्लांचा परिणाम दिसला. जागा सापडली ती अशी.

आता आतड्याकडे या. तिथे एसजीएलटी१ नावाचा वाहक सोडियमच्या जोडीने ग्लुकोज आत ओढतो. हा वाहक जिम्नेमिक आम्लांमुळे मंदावतो, अशी मांडणी प्राण्यांच्या आतड्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आली. 'जीभ फसते तसंच आतडंही फसतं' असं सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. उंदरांची जीभ या आम्लांना फारशी दाद देत नाही, तरी उंदरांच्या आतड्यात ग्लुकोजचं शोषण कमी झालेलं दिसतं. म्हणजे तिथलं कुलूप वेगळं असणार.

माणसांवरच्या चाचण्या मोजक्या आणि छोट्या आहेत. शिवाय पान चावून थुंकलं तर आतड्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. त्यानंतर खाल्लेल्या पेढ्यातली साखर रक्तात चढणारच. मामांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. पाल्याचा अर्क सोबत घेतला तर साखर एकदम खाली जाऊन घाम फुटायचा, हातपाय कापायचे. म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी अर्क परस्पर घ्यायचा नाही असं बजावलंय. त्या दिवशी पान चावून पेढा मात्र त्यांनी अर्धाच खाल्ला. "गोड लागत नाही, मग खाऊन करू काय?" म्हणाले आणि उरलेला मला दिला.