वायफायचा दिवा हिरवा, तरी नेट का नाही?

परवा संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "अरे, राउटर तर नीट चालू आहे, वायफायचा हिरवा दिवा लुकलुकतोय, मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसताहेत, पण एकही पान उघडत नाही." मी विचारलं, "बाकीचे दिवे काय म्हणताहेत?" तर ते तिनं पाहिलेच नव्हते. बहुतेकांचं असंच होतं. वायफायचा दिवा दिसला की नेट आहे, असं आपण गृहीत धरतो.

वायफायचा दिवा फक्त एवढंच सांगतो, की राउटरचा रेडिओ चालू आहे. तो लुकलुकत असेल तर मोबाइल आणि राउटर यांच्यात माहितीची ये-जा चालली आहे. ही ये-जा घरातल्या घरात असते. बाहेरून येणारी तार तुटली असली तरी हा दिवा खुशाल लुकलुकत राहतो. मोबाइलवरच्या रेघाही राउटरचा सिग्नल मोबाइलपर्यंत किती जोरात पोहोचतोय हेच दाखवतात, नेट किती आहे हे नाही.

म्हणून दिवे बघायचे ते इंटरनेट ज्या वाटेनं घरात येतं त्याच क्रमानं. आधी पॉवर. राउटर चालू केल्यावर तो एक-दोन मिनिटं लुकलुकतो, कारण आतली प्रणाली सुरू होत असते. मग तो स्थिर व्हायला हवा. तसाच लुकलुकत राहिला तर बाकीच्या दिव्यांकडे बघण्यात अर्थ नाही, आधी अडॅप्टर तपासावा.

फायबरच्या जोडणीत यापुढचे दोन दिवे महत्त्वाचे: पॉन आणि एलओएस. बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश येतो आणि तो पोहोचला नाही की एलओएस लाल होतो. हे नाव म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल'चं लघुरूप, तेव्हा तो विझलेला असणं हीच चांगली बातमी. तो लाल असेल तर राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी फारसा उपयोग होत नाही. फायबर कपाटामागे दाबली गेली आहे का, कुठे करकचून वळली आहे का, एवढं पाहावं. काच तीव्र वळणावर प्रकाश बाहेर सांडते. फायबरचं टोक काढून त्यात डोकावू मात्र नये, कारण आतला लेझर अवरक्त असतो, तो डोळ्यांना दिसतच नाही. पॉन स्थिर हिरवा म्हणजे राउटरची पलीकडच्या यंत्राशी ओळख पटली आहे. लुकलुकत असेल तर ती ओळख अजून पटते आहे.

बहिणीकडे पॉन स्थिर होता, एलओएस विझलेला, पण इंटरनेटचा दिवा लाल. म्हणजे वाट शाबूत होती, प्रकाश घरापर्यंत येत होता, फक्त दारावर नाव विचारलं जात होतं आणि राउटरला ते सांगता येत नव्हतं. अनेक जोडण्यांमध्ये कंपनीनं दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या आत साठवलेले असतात. ते जुळले की राउटरला आयपी पत्ता मिळतो आणि हा दिवा हिरवा होतो. तो लाल असण्याला इतरही कारणं असतात, उदाहरणार्थ कंपनीच्या बाजूचा बिघाड किंवा संपलेला प्लॅन.

पण एक गोष्ट खटकली. "वायफायचं नाव तेच आहे का?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "नाही, दुपारपासून वेगळंच दिसतंय, खालच्या स्टिकरवर आहे तसं. पासवर्डही तिथलाच टाकला." तिथे उलगडा झाला. नेट हळू चालतंय म्हणून भाच्यानं मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-बारा सेकंद दाबून धरली होती. ते रीसेटचं बटण. त्यानं राउटर नुसता बंद-चालू होत नाही, तर सगळं सेटिंग पुसून कारखान्यातून निघाला तसा होतो. त्यात वायफायचं नाव गेलं आणि युजरनेमही गेलं.

मध्येच तिनं डब्ल्यूपीएसचं बटणही दाबून पाहिलं आणि तो दिवा लुकलुकायला लागल्यावर घाबरली. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पासवर्ड न टाकता नवं उपकरण जोडून घेण्यासाठी राउटर दोन मिनिटं वाट बघतो, त्या काळात हा दिवा लुकलुकतो. कुणी जोडलं नाही तर आपोआप थांबतो. इंटरनेटच्या लाल दिव्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग मोबाइलच्या ब्राउझरमध्ये, राउटरच्या स्टिकरवर होता तो `192.168.1.1` हा पत्ता टाकून तिनं राउटरचं पान उघडलं. जोडणी घेतानाच्या कागदावरचं युजरनेम आणि पासवर्ड तिथे भरून सेव्ह केलं. "लाल गेला," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "हिरवा झाला."