ईच, एव्हरी, आयदर, नायदर : एकवचनी क्रियापदाच्या नियमाची पार्श्वभूमी

शालेय इंग्रजी व्याकरणात ईच, एव्हरी, आयदर आणि नायदर हे चार शब्द एका दमात शिकवले जातात आणि चौघांना मिळून एकच नियम लावला जातो : कर्त्याच्या जागी यांपैकी शब्द आला की क्रियापद एकवचनी. परीक्षेपुरता हा नियम पुरेसा आहे. मात्र चारही शब्दांचे नियमाशी असलेले नाते सारख्या बळाचे नाही. पहिल्या दोघांच्या बाबतीत भाषेची घडण आणि व्याकरणकारांचा आग्रह एकाच दिशेने जातात, तर शेवटच्याच्या बाबतीत त्यांची दिशा एक नाही, आणि चुका नेमक्या तिथे साचतात.

दूरच्या इतिहासातले एवढे सांगितले म्हणजे पुरे की, एव्हरी हा शब्द 'ईच'च्याच जुन्या रूपाआधी 'ईव्हर'चे जुने रूप जोडून तयार झाला आहे आणि आयदरचा मूळ अर्थ 'दोहोंपैकी कोणताही एक' असा नसून 'दोहोंपैकी प्रत्येक' असा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे आहेत हे इंग्रजीत 'ऑन आयदर साइड' असे सांगता येते, त्यात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. 'ऑन आयदर साइड्स' ही आपल्याकडे वारंवार दिसणारी चूक तिथूनच निघते : मनात दोन बाजू असतात आणि आयदर त्या एकेक करून मोजत असतो.

लिखित नियम म्हणून हे सारे पक्के झाले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1762 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोटेखानी व्याकरणाने वाट घालून दिली आणि 1795 मध्ये यॉर्क शहरात छापलेल्या दुसऱ्या व्याकरणाने ती शाळाशाळांत नेली. ईच, एव्हरी आणि आयदर ही पृथक्त्ववाचक विशेषणे असून त्यांच्याबरोबर नाम, सर्वनाम आणि क्रियापद एकवचनीच हवे, असे या दुसऱ्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. त्याच ठिकाणी एक अपवादही नोंदवला आहे, जो आजच्या मार्गदर्शकांत बहुधा गाळला जातो : अनेकवचनी नामाने एक सलग एकक सुचवले जात असेल तर एव्हरीपुढे ते नाम चालते, जसे 'एव्हरी सिक्स मंथ्स'. मराठीत आपण 'दर सहा महिन्यांनी' म्हणतो तेव्हा नेमके हेच करतो, त्यामुळे या अपवादात मराठी विद्यार्थ्याला अडखळण्याचे कारण नाही.

याच व्याकरणकारांनी आयदरच्या जुन्या अर्थावर मात्र काट मारली, आणि तीही थेट 1611 च्या इंग्रजी बायबलमधील वाक्यावर बोट ठेवून. त्या भाषांतरात दोन राजे आपापल्या सिंहासनांवर बसल्याचा एकच प्रसंग दोन ग्रंथांत आला आहे. एका ठिकाणी ते 'ईच ऑन हिज थ्रोन' बसतात, दुसऱ्या ठिकाणी 'आयदर ऑफ देम ऑन हिज थ्रोन'. भाषांतरकारांना दोन्ही रूपे सारखीच चालत होती. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतरच्या व्याकरणकारांना दुसरे चालेना. आयदर म्हणजे दोहोंपैकी एक, दोघेही वेगवेगळे नव्हेत, असे त्यांनी ठरवून टाकले. हा निर्णय सोयीचा होता यात शंका नाही, परंतु तो भाषेची नोंद नसून भाषेवर घातलेली शिस्त होती, हे विसरून चालणार नाही.

खरी गुंतागुंत नायदरची आहे. नायदर म्हणजे 'नॉट आयदर', म्हणून आयदरला जे लागू ते नायदरलाही, हा या परंपरेचा युक्तिवाद, आणि 'नायदर ऑफ माय फ्रेंड्स वॉज देअर' हे तिचे ठरलेले उदाहरण. युक्तिवाद नीटनेटका दिसतो खरा, पण अर्थाच्या बाजूने तो लंगडा आहे. 'आयदर ऑफ देम' म्हणताना दोघांतला एक वेगळा काढलेला असतो, त्यामुळे एकवचन स्वाभाविक वाटते. 'नायदर ऑफ देम' म्हणताना कोणीही वेगळा काढलेला नसतो. एकाच नकाराखाली दोघे एकत्र येतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका सुप्रसिद्ध इंग्रजी नाटकात दोन योद्ध्यांच्या देहांची तुलना करताना 'व्हेन नायदर आर अलाइव्ह' असे शब्द येतात. क्रियापदाला ओढून नेणारे 'ऑफ देम' तिथे जवळपास नाही. अनेकवचन केवळ अर्थातून, म्हणजे दोघेही जिवंत नाहीत या भावनेतून, आले आहे.

विसाव्या शतकातही हा वाद मिटला नाही. 1926 मध्ये निघालेल्या आणि पुढे ब्रिटिश वृत्तपत्रांत प्रमाण मानल्या गेलेल्या एका वापरकोशाने एकवचनाचाच पक्ष घेतला. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या वर्णनात्मक व्याकरणाने मेळाच्या तीन तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या : शब्दरूपानुसार मेळ, अर्थानुसार मेळ आणि क्रियापदाच्या सर्वांत जवळ असलेल्या नामाशी मेळ. औपचारिक लेखनात नायदरपुढे एकवचन अपेक्षित असते. बोलण्यात, विशेषतः 'ऑफ' आणि अनेकवचनी नाम मध्ये आले की, सुशिक्षित इंग्रजी भाषकही अनेकवचन वापरतात, ही वस्तुस्थिती अशा वर्णनामुळे मान्य झाली. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, परीक्षेत आणि कचेरीच्या पत्रात एकवचन लिहावे, मात्र 'नायदर ऑफ देम आर' आणि 'एव्हरी स्टुडंट आर' या दोन चुकांना एकाच पंक्तीत बसवू नये.

महाराष्ट्रात हे सारे एकाच पंक्तीत बसले ते परीक्षांमुळे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले, 1859 पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, आणि इंग्रजी व्याकरण हा गुण मोजण्याचा विषय बनला. ज्या नियमाचे उत्तर बरोबर किंवा चूक असे चटकन ठरवता येते, तो प्रश्नपत्रिकेत टिकतो. पुढे वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या स्पर्धा परीक्षा आल्या, तेव्हा 'वाक्यातील चूक ओळखा' या प्रश्नप्रकाराने हे चार शब्द जवळजवळ कायमचे आपल्या ताब्यात घेतले. 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, पण व्याकरणाचा हा भाग शिकवण्याची रीत फारशी बदलली नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची एक अडचण इथे सांगण्याजोगी आहे. इंग्रजी क्रियापदाचे वचन फार थोड्या जागी डोळ्यांना दिसते : इज आणि आर, हॅज आणि हॅव, डज आणि डू, वॉज आणि वेअर, तसेच साध्या वर्तमानकाळातला शेवटचा एस. 'ईच ऑफ द बॉइज वेंट होम' किंवा 'नायदर ऑफ देम विल कम' या वाक्यांत चूक करायला जागाच नाही. म्हणून परीक्षेतली वाक्ये आखूड, वर्तमानकाळी आणि इज-हॅजवाली असतात, आणि विद्यार्थ्यालाही हा विषय तेवढ्या साच्यातच ओळखीचा होतो.

आखूड वाक्यातच घसरण का होते, याचे उत्तर वाक्याच्या रचनेत आहे. 'ईच ऑफ द टू बॉक्सेस इज एम्प्टी' या वाक्यात कर्ता 'ईच' आहे, पण क्रियापदाला खेटून 'बॉक्सेस' उभा आहे. लिहिणारा शेवटच्या शब्दाचे ऐकतो आणि 'आर' लिहून मोकळा होतो. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात, 'द की टू द कॅबिनेट्स' अशा तुकड्यांपासून इंग्रजी भाषकांना वाक्ये पूर्ण करायला लावली, तेव्हा एकवचनी कर्त्यानंतर अनेकवचनी नाम मध्ये आल्यावर चुका वाढल्या. उलट क्रमाने, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि मधले नाम एकवचनी असताना, तसे फारसे घडले नाही. म्हणजे ही घसरण इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही आहे. वर्गात सांगितली जाणारी युक्ती याच कारणाने उपयोगी पडते : 'ऑफ'पासूनचा तुकडा बोटाने झाकायचा आणि 'ईच … एम्प्टी' एवढेच वाचायचे.

ही युक्ती एका ठिकाणी मात्र फसते. त्याच दोन पेट्यांबद्दल 'द बॉक्सेस ईच हॅव अ लॉक' असे लिहिले तर 'हॅव' बरोबर आहे. इथे 'ईच' कर्ता नसून अनेकवचनी कर्त्यामागे आलेली पुरवणी आहे. तेच 'ईच ऑफ द बॉक्सेस हॅज अ लॉक' असे उलटवले की 'हॅज'. ईच दिसला की डोळे झाकून एकवचन करणारा विद्यार्थी पहिल्या वाक्यात बरोबर शब्द खोडून चूक लिहितो, आणि नियम जितका पाठ असेल तितका खात्रीने लिहितो.

मराठी भाषकांच्या चुकांचा एक वेगळा गट आहे. ईच आणि एव्हरी यांची आपल्याला अडचण नसावी, कारण 'प्रत्येक मुलगा येतो' हे आपलेही एकवचनच आहे. 'एव्हरी स्टुडंट्स' ही चूक मराठीतून आलेली नाही. ती 'ऑल स्टुडंट्स'च्या सवयीची आहे. नायदरच्या बाबतीत मात्र मराठी आड येते. 'दोघेही आले नाहीत' या वाक्यात कर्ता अनेकवचनी आणि नकार क्रियापदाकडे असतो. त्यामुळे 'नायदर ऑफ देम हॅव कम' ही वचनाची चूक होते आणि 'नायदर ऑफ देम डिडंट कम' ही दुहेरी नकाराची. दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण नायदरच्या पोटातच नकार आहे आणि क्रियापदाला तो पुन्हा लावला की प्रमाण इंग्रजीत वाक्याचा अर्थच उलटण्याची भीती असते. बरोबर वाक्य 'नायदर ऑफ देम हॅज कम'. तिघांबद्दल बोलायचे असेल तर नायदर चालत नाही, 'नन' लागतो.

'नायदर' पुढे 'नॉर' आला की हिशेब निराळा होतो, आणि मार्गदर्शकांत हे दोन प्रकार बरेचदा एकाच शीर्षकाखाली मिसळलेले असतात. 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट' यात नायदर हे उभयान्वयी अव्यय आहे, कर्ता नव्हे, आणि क्रियापद जवळच्या 'स्टुडंट्स'चे ऐकते. वर ज्या जवळिकीला चूक ठरवले, तीच इथे नियम बनते.

अलीकडच्या काळात वाद क्रियापदावरून सर्वनामाकडे सरकला आहे. 'एव्हरी स्टुडंट हॅज हिज ओन बुक' हे जुन्या पुस्तकांचे ठरीव वाक्य. त्यातला 'हिज' मुलींना वगळतो म्हणून पुढे 'हिज ऑर हर' आले, आणि गेल्या दशकात अमेरिकेतील काही प्रमुख लेखन-मार्गदर्शिकांनी 'देअर'ला मान्यता दिली. तरीही 'एव्हरी स्टुडंट हॅज देअर ओन बुक' या वाक्यातला 'हॅज' जागचा हललेला नाही. सर्वनाम रूपाने अनेकवचनी झाले म्हणून क्रियापदही 'हॅव' करणे ही अलीकडे दिसू लागलेली नवी चूक आहे. आपल्याकडच्या बहुतेक उत्तरसूचींत मात्र अजूनही 'हिज' हाच अपेक्षित पर्याय छापलेला असतो.