सातबाऱ्यावरून नाव गेलं, पण हक्क गेला का? प्लॉट घेण्याआधी फेरफार असा वाचा

सोलापुरात अक्कलकोट रोड, होटगी रोड, बार्शी रोड या बाजूंना प्लॉट घेणारे बहुतेक जण मोबाईलवर सातबारा बघतात, विकणाऱ्याचं नाव जुळलं की निर्धास्त होतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. सातबारा आज मालक कोण म्हणून नोंदला आहे एवढंच सांगतो. तो मालक कसा झाला, हे फेरफारात, म्हणजे हक्क बदलाच्या नोंदीत, लिहिलेलं असतं.

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने अक्कलकोट रोडकडच्या एका गावात प्लॉट बघितला. क्षेत्र 186 चौरस मीटर, म्हणजे साधारण 2,000 चौरस फूट. सातबारा अकृषिक, नाव एकाच माणसाचं, 'इतर अधिकार' रिकामं. "दादा, एवढा स्वच्छ उतारा असतो का कुठं?" असं म्हणत त्याने तो माझ्यापुढे ठेवला. तो स्वच्छ का होता, ते पुढे सांगतो.

आधी पात्रतेचं पाहू, कारण इथेच कित्येकांचा व्यवहार फसतो. सातबाऱ्यावर जिरायत किंवा बागायत लिहिलं असेल तर ती शेतजमीन. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. शेतकरी असाल तर स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या नावचा सातबारा पुरावा म्हणून लागतो. शिवाय तुकडेबंदी कायदा आहेच. आपल्याकडे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. त्यामुळे शेतातले दोन गुंठे कुणी देतो म्हणाला तर मंजूर रेखांकन आणि अकृषिक आदेश मागा. 'पुढे होईल एनए' या शब्दावर पैसे देऊ नका. जुने तुकडे नियमित करण्याच्या सवलती सरकारने दिल्या आहेत, पण नवा तुकडा घेताना त्यांच्या भरवशावर राहू नये. जमीन विकास आराखड्यात निवासी झोनमध्ये आहे म्हणत असतील, तर नगररचना खात्याचा झोन दाखला हातात घ्या.

भोगवटादार वर्गही बघा. वर्ग 1 असेल तर सहसा अडचण नाही. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. अशी परवानगी मिळालेली असेल तर तिचा आदेश क्रमांक फेरफारात सापडतो. नसेल तर तिथेच थांबा.

आता मूळ मुद्दा. डिजिटल सहीचा सातबारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर 15 रुपयांत मिळतो. त्यावर फेरफार क्रमांक असतात, आणि एखादा फेरफार प्रलंबित आहे का तेही दिसतं. प्रलंबित फेरफार म्हणजे अजून प्रमाणित न झालेली नोंद. ती दिसली तर कशाची आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मावसभावाच्या सातबाऱ्यावर फेरफार एकच होता, रेखांकनाचा. इतका स्वच्छ उतारा त्यामुळेच. जमिनीचे प्लॉट पडले की प्रत्येक प्लॉटचा नवा सातबारा उघडतो आणि मूळ गटाचा बंद होतो. सगळा जुना इतिहास त्या बंद उताऱ्यावर राहतो. प्लॉटचा सातबारा कितीही वाचला तरी तो दिसणार नाही.

तो मिळवायला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. आधी तालुका नक्की करा, कारण शहरालगतची गावं दोन तालुक्यांत वाटली आहेत. कुंभारीसारखी गावं दक्षिण सोलापूरकडे, कोंडीसारखी उत्तर सोलापूरकडे. अर्जात गाव, मूळ गट नंबर, पाहिजे असलेल्या वर्षांचे सातबारा आणि फेरफार क्रमांक स्पष्ट लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. फेरफार क्रमांक माहीत नसेल तर 'सदर गटावरील सर्व फेरफार' एवढं लिहून भागत नाही, शोधणाऱ्याला नंबर लागतो. म्हणून आधी बंद सातबाऱ्याची नक्कल घ्यावी, त्यावरचे नंबर उतरवून घ्यावेत आणि मग फेरफारांसाठी दुसरा अर्ज द्यावा. दोन खेपा पडतात, पण काम नेमकं होतं.

फेरफार पत्रकात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, चार रकाने असतात: नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या हक्काचं स्वरूप, परिणाम झालेले गट आणि शेवटी चाचणी अधिकाऱ्याचा शेरा. लोक चौथा रकाना बघतात. तिथे 'नोटीस बजावली, तक्रार नाही, नोंद प्रमाणित' आणि मंडळ अधिकाऱ्याची सही दिसली की समाधान होतं. तो शेरा लागतोच. 'रद्द' असेल तर प्रश्नच मिटला. पण खरी गोष्ट दुसऱ्या रकान्यात असते. हक्क कोणत्या कागदाने आला किंवा गेला, ते तिथे लिहिलेलं असतं.

आमच्या बंद उताऱ्यावर खाली दोन नंबर होते. पहिला वारसाचा. खातेदार मयत, वारस एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांची नावं लागली. दुसरा फेरफार दीड वर्षानंतरचा. त्यात मुलीचं नाव कमी झालं होतं आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: 'बहिणीने दिलेल्या जबाबावरून नाव कमी केले.' दस्त क्रमांक नाही, नोंदणीची तारीख नाही. चौथ्या रकान्यात मात्र नोंद प्रमाणित.

अशी ओळ दिसली की थांबायचं. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा असेल तर नोंदणी कायदा 1908 प्रमाणे हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. तलाठ्यापुढचा जबाब किंवा स्टॅम्पवरची नोटरी त्याची जागा घेत नाही. फेरफार महसुलाच्या कामासाठी असतो, त्याने मालकी देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. त्यामुळे त्या बहिणीचा अर्धा हिस्सा कागदावरून गेला, कायद्याने गेलाच नव्हता. ती उद्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावू शकते, आणि त्यात प्लॉट घेणाराही प्रतिवादी होतो.

दुसऱ्या रकान्यात 'नोंदणीकृत हक्कसोडपत्र दस्त क्र.' असं लिहिलं असेल तर त्या नंबराची सूची क्रमांक 2, म्हणजे दस्ताचा गोषवारा, दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून नावं आणि क्षेत्र ताडून पाहावं. 'कलम 85 प्रमाणे वाटप' असेल तर तहसीलदारांच्या आदेशाची नक्कल मागावी आणि त्यात सगळे सहहिस्सेदार आहेत का ते बघावं.

मावसभावाने विकणाऱ्याला फेरफार दाखवला. तो म्हणाला, "अहो, बहीण काही मागणार नाही, घरचाच मामला आहे." मावसभावाने एवढंच सांगितलं, "मग ताईंना खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही करू द्या. मामला घरचा आहे तर हरकत कसली?" दोन महिने काही हाललं नाही. मग बहिणीला रक्कम ठरली, ती तुळजापूरहून आली आणि खरेदीखतात तिचं नाव लिहून देणारांमध्ये गेलं. तिचा मोबदला तिच्या खात्यावर चेकने दिला. दस्त झाल्यावर फेरफार धरला गेला, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपली आणि कुणाची तक्रार न आल्याने मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. त्या नव्या फेरफाराच्या दुसऱ्या रकान्यात खरेदीखताचा दस्त क्रमांक आहे आणि देणारांमध्ये भाऊ आणि बहीण दोघांचीही नावं आहेत.